‘करावे’ म्हणजे नेमके किती करावे?

तांत्रिक मराठीत ‘करावे’ म्हटले की भागते, हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकला आहे की आता चिडचिड होते. इंग्रजीतून अनुवाद करताना शॅलला ‘करावे’, शुडला ‘करावे’, आणि मे आला तर ‘करता येईल’ किंवा ‘होऊ शकेल’, जे सुचेल ते.

काँक्रीटच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकातले क्युरिंगचे कलम पाहा. साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस सतत ओले ठेवण्याचा नियम आहे, मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस. इथे क्रियापद शॅल आहे. पुढे मिश्र सिमेंटसाठी ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस येते. त्यानंतर पाण्याऐवजी मान्यताप्राप्त क्युरिंग कंपाउंड वापरायची सोय आहे. तिथे मे आहे, पण प्रभारी अभियंत्याच्या परवानगीची अट घालून.

आता हे मराठीत असे उतरते: ‘१० दिवस ओले ठेवावे, १४ दिवस ठेवावे, कंपाउंड वापरावे.’ कंत्राटदाराने दहा दिवस पूर्ण झाल्यावर पाणी मारणे थांबवले, तर त्याने नियम मोडला का? मूळ मानकाप्रमाणे नाही. या मराठीवरून मात्र त्याचे बिल अडवता येईल. उलट, परवानगी न घेता पहिल्याच दिवशी कंपाउंड फवारणाराही याच वाक्यावर बोट ठेवेल.

दोष ‘-वे’चा नाही, ते दोन्ही अर्थांनी वापरायच्या सवयीचा आहे. ‘अर्ज वेळेत करावा’ हा कचेरीत हुकूम असतो आणि ‘सकाळी फिरायला जावे’ हा घरात सल्ला. म्हणून शॅलला ‘ठेवलेच पाहिजे’ किंवा ‘ठेवणे बंधनकारक आहे’, शुडला ‘ठेवावे, अशी शिफारस आहे’, आणि मेसाठी ‘वापरण्यास मुभा आहे’ असे लिहावे. ‘होऊ शकते’ हे कॅनसाठी राखून ठेवा. ती शक्यता आहे, परवानगी नव्हे.

‘शॅल म्हणजे भविष्यकाळ’ हाही असाच गोंधळ. ‘ओले ठेवण्यात येईल’ हे आश्वासन झाले, अट नव्हे.

‘शुड म्हणजे वाटले तर करा’? नाही. इंटरनेट मानकांसाठी हे शब्द ठरवून देणारा १९९७चा आरएफसी २११९ सांगतो की शिफारस डावलायला सबळ कारण हवे आणि परिणामांचा पूर्ण विचार झालेला हवा.

‘मस्ट शॅलपेक्षा कडक’? त्याच दस्तऐवजात दोन्हींचा अर्थ एकच आहे.

नकारात तर जास्त जपायला हवे. ‘गरज नाही’ आणि ‘मनाई आहे’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपले ‘करू नये’ मनाईलाही चालते, सल्ल्यालाही. मनाई असेल तिथे ‘करण्यास मनाई आहे’ असेच लिहा. आणि निविदेच्या पहिल्या पानावर, कोणत्या शब्दाचा अर्थ काय धरला आहे, ते दोन ओळींत सांगून टाका.