परीक्षकाचा अभिप्राय : नियमाची भाषा आणि सहकाऱ्याची भाषा

संशोधनपत्रिकेकडे आलेला निबंध त्याच विषयातील दुसऱ्या अभ्यासकाकडे तपासणीसाठी पाठवला जातो. यास समकक्ष-परीक्षण म्हणतात. बहुधा लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावे कळवली जात नाहीत. त्यांच्यात जो काही संबंध असतो, तो त्या एका कागदापुरताच. म्हणून त्या कागदावरील मराठी कशी आहे, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी एक निबंध कल्पू. 'करत आहे' या अर्थी मराठवाड्यात 'करायलो' हे रूप बोलले जाते, हे आपणांस माहीत आहेच. लेखकाने देगलूर आणि धर्माबाद येथील 12 भाषकांची 40 वाक्ये जमवून असा निष्कर्ष काढला, की हे रूप तेलुगूच्या प्रभावाने आले. परीक्षकाने लिहिले :

'संशोधनपद्धतीचे निकष पाळण्यात आलेले नाहीत. नमुना अपुरा आहे. निष्कर्ष निराधार आहे. लेखकाने योग्य त्या सुधारणा कराव्यात.'

यातले एकही विधान खोटे म्हणता येणार नाही. आणि तरीही लेखकाच्या हाती काही लागत नाही. कोणता निकष? नमुना किती असता तर पुरला असता? 'पाळण्यात आलेले नाहीत' या रचनेत कर्ता नाही. आरोप कोणी केला आणि कोणावर, दोन्ही झाकलेले. हा अभिप्राय नांदेडच्या कोणत्याही निबंधावर चालेल, तसाच लातूरच्याही. निबंध न वाचताही तो लिहिता येतो, हाच त्याचा मोठा दोष.

कडवटपणा 'कराव्यात' या विध्यर्थी रूपात आहे, असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. 'आपण जेवायला यावे' हे निमंत्रण आहे आणि 'अर्जदाराने सही करावी' ही आज्ञा. प्रत्यय तोच. फरक कर्त्याने पडतो : समोरच्याला 'आपण' म्हटले की बोलणे सुरू होते, त्याला 'अर्जदार' किंवा 'लेखक' म्हटले की कार्यालय सुरू होते. 'आपण'ची आणखी एक सोय अशी, की अनाम लेखक पुरुष आहे की स्त्री, हे गृहीत धरावे लागत नाही.

आता नियम टाळायचा म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात : 'निबंध छान आहे. जमल्यास नमुना थोडा वाढवता आला तर बरे.' समोरासमोर, चहा घेताना, आपल्याकडचा माणूस 'जमलं तर बघा' म्हणतो तेव्हा त्याच्या सुरावरून कळते की हे करावेच लागणार. कागदाला सूर नसतो. लेखक ते ऐच्छिक समजतो, निबंध तसाच परत पाठवतो, आणि मग नाकारला गेला की त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. त्याला तसे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

तोच अभिप्राय आता असा लिहून पाहू :

'आपली 40 वाक्ये ज्या दोन तालुक्यांतून आली आहेत, ते दोन्ही तेलंगणाच्या सीमेवरचे आहेत. त्यामुळे तेथे हे रूप आहे एवढे सिद्ध होते. ते तेलुगूमुळे आले, हे सिद्ध होत नाही. परभणीकडेही मी "करायलो" ऐकले आहे. आपणांस प्रभाव दाखवायचा असेल, तर तेलुगूशी रोजचा संपर्क नसलेल्या एखाद्या गावातील वाक्ये तुलनेसाठी घ्यावी लागतील, आणि तेलुगूतील नेमकी कोणती रचना समांतर आहे तेही सांगावे लागेल. ते आता शक्य नसेल, तर दावा आवरून केवळ नोंद म्हणून निबंध मांडावा. यांपैकी एक झाल्याशिवाय मी प्रकाशनाची शिफारस करू शकत नाही. आपण टिपलेली वाक्ये मात्र मोलाची आहेत; भाषकाचे वय आणि शिक्षण प्रत्येक वाक्यापाशी असल्याने ती पुढेही वापरता येतील.'

कठोरपणा कमी झाला का? उलट वाढला. पहिल्या अभिप्रायात नुसते 'निराधार' होते. येथे आधार कुठे तुटतो ते दाखवले आहे, आणि नकाराची अटही 'मी' म्हणून, जबाबदारी घेऊन सांगितली आहे. 'मी ऐकले आहे' ही परीक्षकाची साक्ष आहे, तिला पुरावा म्हणून लादलेले नाही. लेखक ती तपासू शकतो, खोडूनही काढू शकतो. स्तुतीचे वाक्य शेवटी आले ते गोडीसाठी नव्हे. तेही नेमके आहे, आणि दावा सोडला तरी काय टिकते ते सांगते.

पुनर्लेखन करताना एक पडताळा घ्यावा. जुन्या अभिप्रायातील प्रत्येक आक्षेपाखाली रेघ ओढून तो नव्यात कोठे आहे ते शोधावे. सापडला नाही, तर आपण भाषा नव्हे, मतच बदलले. तसेच 'कदाचित', 'थोडेसे', 'जमल्यास' हे शब्द शोधावेत. जेथे खरी शंका आहे तेथे ते राहू द्यावेत. जेथे केवळ संकोच आहे तेथून काढावेत.

दुसऱ्याचा मजकूर उतरवून घेतल्याचे आढळले, तर मात्र ही रीत उपयोगाची नाही. तेव्हा दोन्ही उतारे शेजारी ठेवून ते संपादकाकडे स्वतंत्र टिपणाने कळवावेत, आणि तेथे नियमाचीच भाषा वापरावी.