‘झेअर गेएर्टे’ला मराठीत काय म्हणायचं?

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच पत्रांचा गठ्ठा पडतो. विद्यापीठ, विमा कंपनी, वीजपुरवठादार, परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं कार्यालय, सगळ्यांची पत्रं येतात आणि सगळ्यांची सुरुवात एकसारखीच असते. ‘झेअर गेएर्टर हेर जोशी’ किंवा ‘झेअर गेएर्टे फ्राउ जोशी’. शब्दकोश काढून बसलं तर ‘झेअर’ म्हणजे फार आणि ‘गेएर्ट’ म्हणजे सन्मानित. झालं, ‘अतिसन्माननीय श्री. जोशी’ असं भाषांतर तयार.

मात्र पत्रातली पुढची ओळ अशी असू शकते : ‘मार्च महिन्याचं बिल आपण अद्याप भरलेलं नाही.’ आता दोन्ही ओळी एकापाठोपाठ वाचून पाहाव्यात. बिल थकवणाऱ्याला ‘अतिसन्माननीय’ म्हटलं की मराठी वाचकाला ती टोमण्याची भाषा वाटते. जर्मन वाचकाला मात्र त्या मायन्यात टोमणाही दिसत नाही आणि खास मानही दिसत नाही. अनोळखी माणसाला लिहिताना तिथे सगळेच तसं लिहितात. कोणी ते गाळलं, तरच लक्षात येतं.

म्हणून भाषांतर करणाऱ्याने शब्दांचं वजन तोलत बसण्याऐवजी तो मायना तिथे कोण, कोणाला, किती सहज लिहितो ते पाहावं आणि तितक्याच सहजपणे मराठीत काय लिहिलं जातं ते शोधावं. आपल्याकडे कार्यालयीन पत्रात ती जागा ‘महोदय’ आणि ‘महोदया’ या शब्दांची आहे. ‘झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन’, म्हणजे नाव ठाऊक नसलेल्या समस्त बाया-पुरुषांना उद्देशून असलेला मायना, मराठीत नुसत्या ‘महोदय’ने भागतो. ‘आदरणीय’ आणि ‘माननीय’ त्याहून एक पायरी वरचे. मंत्री, कुलगुरू, संस्थेचे अध्यक्ष यांच्यासाठी ते राखून ठेवणंच बरं.

नाव माहीत असलं की खरी अडचण सुरू होते. जर्मन मायन्यात आडनाव लागतंच. नुसतं ‘झेअर गेएर्टर हेर’ लिहिलं तर वाक्य तुटल्यासारखं वाटतं. ‘हेर’पुढे पहिलं नाव जोडून ‘हेर थॉमस’ म्हणणं तर आणखी विचित्र, कारण पहिलं नाव हे ‘डू’च्या, म्हणजे ‘तू’च्या नात्यातलं. मराठी पत्रात याच्या उलट घडतं. नाव वर ‘प्रति’खाली, पत्त्यात जातं आणि मायन्यात उरतं फक्त ‘महोदय’. त्यामुळे जर्मन पत्र मराठीत आणताना ‘हेर म्यूलर’ वरच्या ओळीत ‘श्री. म्यूलर यांस’ असं बसवावं आणि खाली ‘महोदय’ लिहावं. मराठी पत्र जर्मनमध्ये नेताना पत्त्यातलं आडनाव उचलून मायन्यात आणावं लागतं. मराठी विद्यार्थ्यांच्या जर्मन अर्जात हमखास चुकतं ते इथेच.

‘गेएर्टर’ आणि ‘गेएर्टे’ यांतला फरक लिंगाचा आहे. पुरुषासाठी ‘र’ लागतो, बाईसाठी आणि अनेकवचनात तो नसतो. मराठीत हा फरक ‘महोदय-महोदया’ सांभाळतात. ‘फ्राउ’चं मराठी करताना मात्र जरा थांबावं. पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने 1972 मध्ये ‘फ्रॉयलाइन’, म्हणजे अविवाहित स्त्रीसाठीचं संबोधन, सरकारी कामकाजातून काढून टाकलं. तेव्हापासून कार्यालयीन पत्रात प्रौढ स्त्री ‘फ्राउ’च. लग्न झालंय की नाही, नवरा हयात आहे की नाही, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. तिथे ‘सौ.’ किंवा ‘कु.’ घालणं म्हणजे मूळ पत्रात नसलेली खासगी माहिती आपल्या पदरची टाकणं. ‘श्रीमती’ हाच सुरक्षित पर्याय. जुन्या पिढीच्या कानाला तो विधवेसाठीचा वाटतो, हे खरं. पण सरकारी पत्रव्यवहारात तो आता सर्व स्त्रियांसाठी रुळला आहे.

पदव्यांचंही तिथे शिस्तीचं काम. ‘डॉक्टर’ ही पदवी मायन्यात ‘डॉ.’ अशी संक्षिप्त लिहितात, ‘प्रोफेसर’ हा शब्द पूर्ण लिहितात, आणि माणसाकडे दोन्ही असल्या तरी मायन्यात वरची एकच घेतात. समजा, पत्र ‘झेअर गेएर्टे फ्राउ डॉ. वेबर’ असं आहे. मराठीत ‘श्रीमती डॉ. वेबर’ कानाला बोजड वाटतं, म्हणून ‘डॉ. वेबर यांस’ इतकंच लिहावं. त्यात बाई असल्याची खूण हरवते, पण पुढच्या ओळीतल्या ‘महोदया’ने ती परत येते. ‘महोदय-महोदया’ यांपैकी कोणतंच चालणार नसेल, तर ‘सादर नमस्कार’ हाताशी आहेच. जर्मनीत 2018च्या अखेरीस स्त्री-पुरुष यांखेरीज तिसऱ्या लिंगनोंदीचा कायदा झाला. अशा वेळी किंवा लिंग ठाऊक नसेल तर जर्मनमध्येही ‘गुटेन टाग’ लिहून पुढे पूर्ण नाव घालतात.

ओळख वाढली की तोच अधिकारी ‘लीबर हेर जोशी’ लिहू लागतो. ‘लीब’ म्हणजे प्रिय, पण ‘प्रिय श्री. जोशी’ मराठीत धड औपचारिकही होत नाही, धड जवळचंही. आपल्या जुन्या मायन्यांतला ‘स.न.वि.वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, इथे चपखल बसतो. त्यात आपुलकी आहे आणि अंतरही आहे. तो मायना बरोबरीच्या माणसाला लिहायचा. वडीलधाऱ्यांना ‘कृ.सा.न.वि.वि.’ आणि धाकट्यांना ‘अ.आ.’ अशी पायरी ठरलेली होती. लग्नपत्रिकेमुळे ‘स.न.वि.वि.’ आजही सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नेमक्या त्याच कारणाने थकबाकीच्या पत्रावर तो शोभत नाही.

मायन्याचा सूर पुढेही टिकला पाहिजे. ‘झेअर गेएर्टे’ लिहिलं की पत्रभर ‘झी’ हेच सर्वनाम येतं आणि ते मोठ्या अक्षराने सुरू होतं, नाहीतर त्याचा अर्थ ‘ती’ किंवा ‘ते’ असा होईल. मराठीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून हे काम ‘आपण’कडे येतं. वर ‘महोदया’ आणि तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही कागदपत्रं आणा’ असं झालं, की भाषांतर घाईत उरकलंय हे लगेच कळतं. ‘आपण कागदपत्रे सादर करावीत’ असं क्रियापदही त्या सुरातलंच हवं.

शेवटची ओळ तर फारच चकवते. ‘मिट फ्रॉइंडलिखेन ग्र्यूसेन’चा शब्दशः अर्थ ‘मैत्रीपूर्ण नमस्कारांसह’, पण तीही ‘महोदय’सारखीच रोजच्या वापराची, म्हणून ‘आपला विश्वासू’ योग्य. अडचण अशी की, जर्मन ओळीला पत्र लिहिणाऱ्याचं लिंग लागत नाही आणि मराठीत ‘आपला’ की ‘आपली’ हे ठरवावंच लागतं. संस्थेच्या वतीने पत्र असेल तर ‘आपले विश्वासू’ चालतं. सहीखाली नुसतं ‘अ. वेबर’ असेल आणि कशावरूनच अंदाज येत नसेल, तर ‘कळावे,’ लिहून खाली नाव टाकावं.