केबिनला एसी आला, पण तहानेचं काय?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. त्यावर एका वाचकाने विचारलंय, आता ड्रायव्हर लोकांचे मुतखडे कमी होतील का? घाम कमी येईल, तेवढा फायदा आहेच. पण सगळा दोष घामाचा नसतो. मुंबई-बंगळुरू मार्गावरच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगतो.

"पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते," हा त्याचा हिशेब. कडेला गाडी लावली की ताडपत्रीखालच्या मालाची आणि टाकीतल्या डिझेलची धास्ती. म्हणून ढाब्यावर जेवताना तांब्याभर पाणी, बाकी चहावर भागायचं. लघवी गडद पिवळी व्हायची, तर तो म्हणायचा, उष्णता झालीय. एका पहाटे निपाणीजवळ कमरेतून जांघेपर्यंत अशी कळ गेली की स्टिअरिंगवरच वाकला. सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीत ५ मिलिमीटरचा खडा दिसला, डाव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा.

उजवीकडचा खडा औषधावर पडला. मग डॉक्टरांनी एक कॅन दिला : पुढच्या खेपेला चोवीस तासांची सगळी लघवी यात धरायची. भरली जेमतेम ७०० मिलिलिटर. कॅल्शियम आणि ऑक्झलेट शरीराला रोज बाहेर टाकावंच लागतं. पाणी निम्मं झालं की त्यांची तीव्रता दुप्पट होते आणि स्फटिक धरू लागतात.

घट्ट पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते. मूत्रपिंडातला असा दोरा फिलाडेल्फियाच्या अलेक्झांडर रँडल यांनी दाखवून दिला. शवविच्छेदनातली मूत्रपिंडं तपासताना त्यांना आतल्या उंचवट्यांवर कॅल्शियमचे पांढरट चट्टे दिसले, आणि काही चट्ट्यांना खडे चिकटलेले. हे १९३७ सालचं. आपल्याकडे मात्र खडा म्हटलं की अजून टोमॅटोच्या बियांनाच बोल लावतात!

दोरा काढता येत नाही, पाक पातळ करता येतो. इटलीतल्या लोरिस बोर्गी यांच्या गटाने १९९६ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं होतं. पाच वर्षांत त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, उरलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. बिअरने खडे जातात म्हणणाऱ्यांकडे असा एखादा आकडा मी अजून मागतोय.

आपल्या ड्रायव्हरने पाण्याआधी थांबे ठरवले. शौचालय आणि राखणदार असलेले पंप हेरले, आणि पंपाच्या थोडं आधी अर्धा लिटर प्यायचं. एकदम तांब्याभर ढोसलेलं पाणी तासा-दोन तासांत निघून जातं, म्हणून दिवसभर विभागून. लिंबूपाणी चालू केलं, त्यात मीठ नाही, कारण मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. झोपण्यापूर्वीही एक पेला, कारण रात्रीची लघवी सगळ्यात घट्ट असते. पुढच्या वेळी कॅनमध्ये २२०० मिलिलिटर भरली. डावीकडचा खडा वर्षानंतरही ४ मिलिमीटरचाच आहे. असे खडे पाण्याने विरघळत नाहीत, पण तो वाढलेला नाही आणि शेजारी दुसरा धरलेला नाही.