कपड्याच्या लेबलावरच्या खुणा कशा वाचाव्यात

कपड्याच्या आतल्या शिवणीत शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर सहसा पाच-सहा लहान चित्रे एका ओळीत छापलेली असतात. आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे तिरुपूरमध्ये शिवलेला शर्ट आणि इटलीत शिवलेला कोट यांच्यावरची खूण एकाच अर्थाने वाचता येते. चित्रे अनेक दिसली तरी मूळ आकार पाचच आहेत. पाण्याने भरलेला टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्रीचे चित्र म्हणजे इस्त्री आणि नुसते वर्तुळ म्हणजे लाँड्रीतली व्यावसायिक धुलाई. सध्याच्या पद्धतीत ते याच क्रमाने छापतात. जुन्या कपड्यांवर क्रम थोडा वेगळा असू शकतो.

या पाच आकारांवर आणखी तीन खुणा येतात. फुली म्हणजे मनाई. ठिपके उष्णता सांगतात, जितके ठिपके जास्त तितकी जास्त उष्णता चालते. आकाराखालची आडवी रेघ हळुवारपणा सांगते. एक रेघ म्हणजे कपडा हलक्या हाताने हाताळावा, दोन रेघा म्हणजे फारच हलक्या हाताने. लेबल जास्तीत जास्त काय चालेल ते सांगते, तेवढे केलेच पाहिजे असे सांगत नाही. टबात ४० असेल तर ४० अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी चालते. त्याच कपड्याला गार पाण्यात धुण्यास काहीच हरकत नसते.

व्हिस्कोज रेयॉनच्या एखाद्या छापील कुर्त्याच्या लेबलाचा फोटो समोर आहे असे धरून चालू. त्यावर डावीकडून टबात ३० आणि खाली एक रेघ, फुली मारलेला त्रिकोण, फुली मारलेला वर्तुळाचा चौकोन, एक उभी रेघ आणि कोपऱ्यात तिरप्या रेघा असलेला चौकोन, दोन ठिपक्यांची इस्त्री आणि शेवटी पी अक्षर असलेले वर्तुळ अशा सहा खुणा आहेत.

पहिल्या खुणेतला ३० हा आकडा पाळणे सोपे आहे. आपल्याकडच्या वरून उघडणाऱ्या बहुतेक मशीन नळाच्याच पाण्यावर चालतात. चूक होते ती खालच्या रेघेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. व्हिस्कोजचा धागा ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून ओला कुर्ता जोरात घुसळला किंवा पिळला तर शिवणीपाशी विरतो आणि आकार सोडतो. एका रेघेचा अर्थ मशीनवर नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम लावणे, कपडे कमी भरणे आणि पिळण्याचा वेग कमी ठेवणे असा होतो. दोन रेघा लोकरीच्या कपड्यांवर बऱ्याचदा दिसतात, कारण घुसळल्यावर लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून कपडा आटतो आणि घट्ट होतो. तो पुन्हा पूर्ववत करता येत नाही. टबात बुडवलेला हात दिसला तर कपडा हातानेच, ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात, न चोळता धुवावा. टबावर फुली असेल तर तो घरी पाण्यात घालूच नये.

रिकाम्या त्रिकोणाचा कपडा कोणतेही ब्लीच सहन करतो. त्रिकोणात दोन तिरप्या रेघा असतील तर क्लोरीन नसलेले, ऑक्सिजनवर चालणारे ब्लीचच वापरावे. कुर्त्यावर फुली असल्यामुळे त्याला कोणतेच ब्लीच चालणार नाही. डाग काढण्याच्या पावडरीतही ऑक्सिजन ब्लीच असते, हे इथे लक्षात ठेवावे लागते.

चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर. वर्तुळात एक ठिपका असेल तर कमी उष्णता आणि दोन असतील तर नेहमीची उष्णता चालते. नुसत्या रेघांचे चौकोन नैसर्गिक वाळवणीचे असतात. उभी रेघ म्हणजे दोरीवर टांगणे, आडवी रेघ म्हणजे सपाट पसरणे. रेघा दोन असतील तर कपडा न पिळता निथळत ठेवावा. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तिरप्या रेघा म्हणजे सावली. कुर्त्याला ड्रायर वर्ज्य आहे आणि तो सावलीत दोरीवर वाळवायचा आहे. उन्हात छापाचा रंग विटतो. विणीच्या स्वेटरवर मात्र आडवी रेघ येते, कारण ओला स्वेटर टांगला तर पाण्याच्या वजनाने लोंबतो.

इस्त्रीच्या एका ठिपक्याची मर्यादा ११० अंश, दोन ठिपक्यांची १५० आणि तीन ठिपक्यांची २०० अंश असते. ॲक्रिलिक, नायलॉनसारखे धागे साधारणपणे पहिल्या गटात, पॉलिस्टर, रेशीम आणि लोकर दुसऱ्या गटात, सुती आणि लिननचे कापड तिसऱ्या गटात येते. एका ठिपक्याच्या कपड्यावर वाफ सोडू नये. पण लेबल संपूर्ण कपड्याचे असते. त्यातला सर्वांत नाजूक भाग मर्यादा ठरवतो. सुती शर्टवर रबरी छाप असेल तर तीनऐवजी एकच ठिपका दिसू शकतो. कोळशाच्या इस्त्रीला तापमान ठरवणारी चकती नसते. एक-दोन ठिपक्यांचे कपडे तिथे देताना ते आधीच सांगावे. कापडावर आलेली चकाकी किंवा इस्त्रीला चिकटणारा धागा म्हणजे उष्णता जास्त झाल्याची खूण.

शेवटच्या वर्तुळातली अक्षरे ड्रायक्लीनिंग करणाऱ्यासाठी असतात. पी असेल तर परक्लोरोएथिलिन आणि पेट्रोलियमपासूनचे द्रावक दोन्ही चालतात, एफ असेल तर फक्त दुसरे. डब्ल्यू म्हणजे पाण्यानेच, पण व्यावसायिक यंत्रात केलेली धुलाई. कुर्त्यावर पी आहे याचा अर्थ तो ड्रायक्लीनिंगलाही चालतो, ते करावेच लागते असा नाही. टबावर फुली आणि वर्तुळात अक्षर अशी जोडी असेल तरच लाँड्री गाठावी लागते.

लेबलाचा फोटो वाचताना लहान खुणांनीच चूक होते. पट्टीची घडी टबाखालची रेघ झाकते, आणि मग नाजूक कपडा साधा वाटतो. धुऊन फिकट झालेल्या छपाईत दोन ठिपके एकच दिसतात. कपडा उलटा धरला तर चित्रे उलटी येतात, तेव्हा इस्त्रीची मूठ वर आहे का हे आधी पाहावे. फोटो काढताना पट्टी दोन बोटांनी ताणून सपाट धरावी, फ्लॅशऐवजी खिडकीचा प्रकाश घ्यावा आणि पट्टीच्या मागे दुसरी पट्टी शिवली आहे का ते उलटून बघावे. धाग्यांचे प्रमाण बऱ्याचदा तिथेच लिहिलेले असते, त्यावरून पुसट खुणेचा अंदाज घेता येतो. खूण तरीही स्पष्ट होत नसेल, तर संभाव्य अर्थांपैकी हळुवार अर्थ धरावा. रेघ आहे की नाही हा संशय असेल तर ती आहे असे मानावे.

परदेशातून आलेल्या कपड्यांबाबत दोन फरक आहेत. अमेरिकी लेबलावर टबात आकड्याऐवजी ठिपके असू शकतात, एक ठिपका म्हणजे ३० अंश, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०. जपानने डिसेंबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय खुणा स्वीकारल्या. त्याआधीच्या जपानी कपड्यांवर वेगळीच चित्रे असतात, आणि ती वरच्या नियमांनी वाचता येत नाहीत.