देवनारच्या पोटातली आग

27 जानेवारी 2016 रोजी देवनार डंपिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर मुंबईच्या पूर्व उपनगरांवर कित्येक दिवस साचून राहिला. उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो दिसला आणि आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग विझल्याचे सांगितले गेले, पण मार्चमध्ये तीच जागा पुन्हा पेटली. त्यानंतरचा सगळा काळ पाहताना हा दुसरा भडका मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्या वेळी चर्चा झाली ती काडी कोणी लावली याची. तारेतले तांबे आणि इतर धातू सुटे करण्यासाठी भंगार जाळले जाते, हे खरे. पोलिसांनी भंगार व्यवसायातल्या काहींना अटकही केली. पण काडी वरच्या थरात पडते. आठवडे टिकणारी आग खालून पोसली जाते. देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. ओला आणि सुका कचरा एकत्र, थरावर थर. आत हवा नसते, तिथे जिवाणू ओला कचरा कुजवतात आणि साधारण निम्मा मिथेन, निम्मा कार्बन डायऑक्साइड असा वायू तयार होतो. हवेत मिथेनचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आले की ठिणगी पुरते. उघड्या उतारांतून आणि भेगांतून हवा आत शिरते, तिथे जिवाणूंची दुसरी जात कामाला लागते आणि कचरा तापतो. ही उष्णता बाहेर पडत नाही. प्लास्टिक, चिंध्या, लाकूड आतल्या आत ज्वाळेविना धुमसू लागतात, आणि धुमसायला फार थोडा प्राणवायू पुरतो.

म्हणूनच बंबाचे पाणी फसवते. वरची ज्वाळा विझते, पण पाणी सोपी वाट धरून फटींतून वाहून जाते. तापलेला गाभा कोरडाच राहतो, आणि उतरलेले पाणी घाण घेऊन खाडीकडे जाते. वर माती पसरली तर हवा तुटते, पण आतली उष्णता गोधडीखाली राहावी तशी महिनोन्‌महिने टिकते. उतार उभे असतील तर माती टिकत नाही, पुन्हा भेग पडते, पुन्हा धूर येतो.

मार्च 2023 मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरमला जवळपास 12 दिवस हेच पाहायला मिळाले. हेलिकॉप्टरमधून पाणी ओतूनही गाभा विझेना. पोकलेनने ढीग उकरायचा, तापलेला कचरा बाहेर काढून भिजवायचा, निवल्यावर पुढचा भाग घ्यायचा, हे रात्रंदिवस केल्यावर धूर थांबला. या पद्धतीतही धोका असतोच: उकरताच हवा आत जाते आणि भडका उडू शकतो. म्हणून एका वेळी लहान तुकडाच उघडतात आणि पाण्याची नळी तयार ठेवतात. आग खरेच विझली का, हे धूर पाहून कळत नाही. आत नळी घालून तापमान मोजावे लागते. ते 75-80 अंशांच्या वर असेल, वायूत कार्बन मोनॉक्साइड हजार पीपीएमच्या पुढे असेल आणि जमीन अचानक खचत असेल, तर आग आत जिवंत आहे असे समजावे.

देवनारच्या धुराची किंमत गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीने मोजली. जानेवारीत रात्री थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर न जाता घरांत शिरतो. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल उतरतात. दमेकरी, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. कार्बन मोनॉक्साइडने डोके दुखते, मळमळते. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक धुमसत जळाले की डायऑक्सिन तयार होतात. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांच्यामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. साधा रुमाल कणही नीट अडवत नाही. एन-95 मुखपट्टी कण अडवते, वायू नाही.

आगीनंतर फेब्रुवारी 2016 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या इमारतींच्या परवानग्यांवर बंदी घातली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर सैल केली. पण खरा धडा याच शहरात आधीच गिरवला गेला होता. 2007 मध्ये बंद केलेल्या गोराईच्या ढिगाला उतार देऊन झाकले गेले आणि नळ्यांतून वायू काढून जाळला गेला. हवा आत येऊ द्यायची नाही, वायू आत साठू द्यायचा नाही. प्रतिबंध याहून वेगळा नाही, आणि ओला कचरा मुळात ढिगावर नेलाच नाही तर मिथेन फारच कमी तयार होतो.

आता देवनारचा सुमारे 185 लाख टन जुना कचरा उपसण्याचे काम हाती घेतले आहे. उपसणे म्हणजे ढिगात हवा सोडणे. त्यामुळे आजवर कोंडलेली उष्णता पेटण्याचा धोका याच वर्षांत वाढतो. खणलेल्या प्रत्येक भागाचे तापमान आणि कार्बन मोनॉक्साइडचे आकडे रोज मोजून गोवंडीच्या चौकात फलकावर लावावेत. शेजारच्या वस्तीला आग धुराआधी कळण्याचा हाच मार्ग आहे, आणि तो मागण्याचा तिला हक्क आहे.