दोनशे अंशांच्या भट्टीसाठी तापमापी

पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला रंग पक्का होतो. हे तापमान मोजायला दोन साधने मिळतात. पीटी-१०० या रोधक तापमापीत प्लॅटिनमचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि २०० अंशांना १७५.८६ ओहम होतो. थर्मोकपलमध्ये दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि तापमानातल्या फरकामुळे त्यांत काही मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो.

२०० अंशांना ‘अ’ वर्गाच्या पीटी-१०० ला सुमारे ०.५५ अंशाची चूक माफ असते, तर के प्रकारच्या उत्तम थर्मोकपललाही दीड अंशाची. त्यामुळे या भट्टीसाठी पीटी-१०० च घ्यावा. मात्र तो तीन तारांचा हवा. दोनच तारा असतील तर त्यांचा रोधही मोजमापात मिसळतो आणि एका जादा ओहममुळे तापमान सुमारे पावणेतीन अंशांनी जास्त दिसते. उष्णता ६०० अंशांच्या पुढे जाणार असेल किंवा सतत जोराची थरथर असेल, तिथे थर्मोकपलच टिकतो.

तपासणीसाठी ड्राय ब्लॉक वापरतात. हा विजेवर तापणारा, भोके पाडलेला धातूचा ठोकळा. तापमापी भोकात जेमतेम सैल बसावा. मोठ्या भोकात हवेची पोकळी उरते. ठोकळ्याच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. शेजारच्या भोकात प्रमाणित तापमापी तेवढ्याच खोलीवर ठेवून तुलना करावी. ६ मिलिमीटर जाडीची नळी निदान १२० मिलिमीटर आत हवी, नाहीतर उष्णता नळीवाटे बाहेर वाहते आणि आकडा कमी दिसतो. शंका असल्यास नळी २० मिलिमीटर वर ओढून थांबावे. आकडा घसरला तर खोली अपुरी आहे.

आकडे स्थिरावेपर्यंत थांबून १५०, १८०, २०० आणि २२० अंशांना नोंद घ्यावी. तापमापी भट्टीच्या स्वतःच्या कंट्रोलरलाच जोडलेला असावा, म्हणजे तारांची आणि कंट्रोलरची चूकही त्यात येते. समजा, प्रमाणित तापमापी २००.१ दाखवतो आणि कंट्रोलर १९८.४. चूक उणे १.७ झाली. म्हणजे कंट्रोलर २०० दाखवेल तेव्हा तापमापीच्या जागी प्रत्यक्षात सुमारे २०१.७ अंश असतील.

वापरलेल्या थर्मोकपलबाबत ही पद्धत फसवी ठरू शकते. त्याचा दाब टोकाशी तयार होत नाही. गरम भागाकडून थंड भागाकडे जाताना तारेच्या ज्या तुकड्यात तापमान उतरते, तिथे तो तयार होतो. भट्टीत हा तुकडा भिंतीच्या जाडीत असतो. ड्राय ब्लॉकमध्ये तो दुसरीकडेच येतो आणि भट्टीत खराब झालेला भाग तपासला जात नाही. ठोकळ्यात बरोबर उतरलेला थर्मोकपल म्हणूनच भट्टीत काही अंश चुकू शकतो. त्याची तपासणी जागेवरच करावी: त्याच्या टोकाशेजारी प्रमाणित तापमापी सोडावा आणि भट्टी स्थिरावल्यावर दोन्ही आकडे पाहावेत.