शौचातले रक्त मूळव्याधीचेच : एक गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांत सर्वांत चिवट समज असा की, शौचाच्या चाचणीत रक्ताचा अंश सापडला तरी तो मूळव्याधीचाच असणार, म्हणून घाईने दुर्बिणीची तपासणी करण्याऐवजी तीच चाचणी पुन्हा एकदा करून पाहावी आणि दुसऱ्या वेळी रक्त आढळले नाही, तर विषय संपला असे मानावे. हा सल्ला शेजारी देतात, नातलग देतात आणि कधीकधी तो दवाखान्यातूनही मिळतो. तो काटकसरीचा आणि समजूतदारपणाचा वाटतो खरा. परंतु पॉलिप कसा वाढतो आणि चाचणी नेमके काय मोजते हे ध्यानात घेतले, तर तो मुळापासून चुकीचा ठरतो.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असंख्य सूक्ष्म खळगे असतात. खळग्याच्या तळाशी असलेल्या मूळपेशींपासून सतत नव्या पेशी तयार होतात, त्या वर सरकत पृष्ठभागावर येतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे ‘एपीसी’ नावाचे जनुक एखाद्या मूळपेशीत निकामी झाले, की तिच्या वंशातील पेशी वेळेवर न गळता साचत जातात आणि अस्तरावर एक कोंब उगवतो. त्यालाच पॉलिप म्हणतात, आणि तो अशा बिघडलेल्या ग्रंथीपेशींचा असेल, तर अ‍ॅडिनोमा. या टप्प्यावर तो कर्करोग नसतो. पुढे ‘केरास’ जनुकात बिघाड झाला तर वाढीला जोर येतो, आणि बिघडलेल्या पेशींना आत्मनाश करायला लावणारे ‘टीपी५३’ हे जनुकही निकामी झाले, म्हणजे त्या पेशी अस्तराची मर्यादा ओलांडून खालच्या थरांत घुसू शकतात. एरिक फीरॉन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९९० साली ‘सेल’ या नियतकालिकात मांडलेली ही साखळी आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहे. प्रत्येक बिघाड योगायोगाने घडावा लागत असल्यामुळे सगळी साखळी पूर्ण व्हायला सहसा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि चाळणी तपासणीला, म्हणजे लक्षणे नसलेल्या माणसांच्या तपासणीला, जी संधी मिळते ती याच संथपणामुळे मिळते.

पॉलिप म्हणजे कर्करोगच, हा उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे, कारण बहुसंख्य पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. धोका मुख्यतः आकारावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीरचनेवर अवलंबून असतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिपमध्ये कर्करोग सापडणे फार दुर्मीळ, तर एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडिनोमा ‘प्रगत’ मानला जातो. अशा मोठ्या पॉलिपचे न काढता काय होते, याची माहिती दुर्बिणीतून पॉलिप काढण्याची पद्धत रुळण्यापूर्वीच्या काळातील नोंदींतून मिळते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अशा २२६ रुग्णांच्या अभ्यासात, पॉलिपच्या जागीच कर्करोग होण्याचे प्रमाण पाच वर्षांत सुमारे २.५ टक्के, दहा वर्षांत ८ टक्के आणि वीस वर्षांत २४ टक्के आढळले.

आता रक्ताविषयी. लहान पॉलिपमधून सहसा रक्त येत नाही. मोठ्या पॉलिपच्या नाजूक पृष्ठभागावर पुढे सरकणारा मळ घासला जातो तेव्हा थोडे रक्त सुटते, पण ते रोज सुटत नाही आणि सुटले तरी मळात सर्वत्र सारखे मिसळत नाही. काही पॉलिप, विशेषतः आतड्याच्या उजव्या भागात आढळणारे दातेरी रचनेचे चपटे पॉलिप, तर रक्तस्रावाच्या बाबतीत फारच कंजूष असतात. म्हणून पॉलिप जागच्या जागी असताना सोमवारच्या नमुन्यात रक्त सापडणे आणि गुरुवारच्या नमुन्यात न सापडणे यात नवल काहीच नाही.

हे रक्त शोधणाऱ्या जुन्या ग्वायाक चाचणीत रक्तातील ‘हीम’ या घटकामुळे होणारा रंगबदल पाहिला जाई, आणि त्यामुळे खाल्लेल्या मांसातील हीमनेही निकाल फसत असे. आज वापरली जाणारी ‘फिट’ चाचणी मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरते. त्यामुळे आहाराचे पथ्य लागत नाही, आणि जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेल्या रक्तातील ग्लोबिन वाटेतच बऱ्याच अंशी पचून जात असल्याने चाचणीचा रोख मोठ्या आतड्यावरच राहतो. नमुना घरीच घ्यायचा असतो : काडीचे टोक मळात ठिकठिकाणी टोचून ती द्रावणाच्या नळीत घालायची, आणि एक ग्रॅम मळामागे ठरावीक मर्यादेहून अधिक हिमोग्लोबिन निघाले, की निकाल सकारात्मक. अमेरिकेत ही मर्यादा सामान्यतः २० मायक्रोग्रॅम धरतात; इतर देशांनी आपल्या सोयीनुसार ती वेगवेगळी ठेवली आहे. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होते आणि इटलीतील एका अभ्यासात उन्हाळ्यात सकारात्मक निकालांचे प्रमाण घटलेले दिसले आहे. तेव्हा विदर्भातल्या मे महिन्यात नळी दिवसभर गाडीत ठेवून मग प्रयोगशाळेत देणे म्हणजे खोटा दिलासा स्वतःच तयार करणे होय.

या चाचणीची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच अभ्यासात स्वच्छ दिसतात. २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील ९,९८९ लक्षणविरहित व्यक्तींची फिट चाचणीही झाली आणि दुर्बिणीची तपासणीही, त्यामुळे चाचणीने काय पकडले आणि काय सोडले हे ताडून पाहता आले. दुर्बिणीतून कर्करोग सापडलेल्या ६५ जणांपैकी ४८ जणांची फिट सकारात्मक होती, म्हणजे सुमारे ७४ टक्के. मात्र प्रगत, पण अद्याप कर्करोग न झालेले पॉलिप असलेल्या ७५७ जणांपैकी केवळ १८० जणांची, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांची. सकारात्मक निकाल एकूण सुमारे सातशे होते, आणि त्यांतील दर तिघांपैकी जवळजवळ एकाच्या आतड्यात कर्करोग किंवा प्रगत पॉलिप होता.

या आकड्यांच्या प्रकाशात ‘पुन्हा एकदा तपासून पाहू’ या युक्तिवादाचे काय उरते? मोठा पॉलिप आतड्यात असतानाही एकदा केलेली चाचणी चारांपैकी तिघांना निर्दोष ठरवते. ज्याच्या पॉलिपमधून एकदा रक्त आले, त्याच्यातून ते पुन्हा येण्याची शक्यता सरासरीपेक्षा अधिक असेल, हे मान्य केले तरी दुसरा नकारात्मक निकाल ‘त्या दिवशीच्या नमुन्यात रक्त नव्हते’ यापलीकडे काहीही सांगत नाही, आणि पहिल्या निकालाला तो खोडून काढू शकत नाही. मूळव्याधीचा दाखला तर याहून पोकळ आहे. मूळव्याधीमुळे चाचणी सकारात्मक येऊ शकते. परंतु मूळव्याध इतकी सर्रास आढळते की ती असणाऱ्याच्या आतड्यात पॉलिपही असणे मुळीच विलक्षण नाही, आणि रक्त कोणत्या जागेवरून आले हे ग्लोबिनवर लिहिलेले नसते. ते ठरवण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे आत पाहणे.

न पाहण्याची किंमतही मोजली गेली आहे. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात फिट सकारात्मक आलेल्या एक लाखाहून अधिक लोकांचा २०२२ साली ‘गट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, दहा वर्षांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, ज्यांनी दुर्बिणीची तपासणी करून घेतली त्यांच्यात हजारी ६.८, तर ज्यांनी ती टाळली त्यांच्यात हजारी १६ होते. अर्थात, सकारात्मक निकाल हाती आला म्हणून त्याच रात्री इस्पितळ गाठण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील सुमारे ७० हजार व्यक्तींच्या २०१७ मधील अभ्यासात, सकारात्मक निकालानंतर नऊ महिन्यांपर्यंत तपासणी झालेल्यांचा धोका तातडीने तपासणी झालेल्यांपेक्षा लक्षणीय वाढलेला आढळला नाही. दहा महिन्यांपुढे मात्र तो वाढू लागला आणि वर्ष उलटल्यावर अधिक प्रगत अवस्थेतले कर्करोगही जास्त दिसले. म्हणजे सवड काही आठवड्यांची जरूर आहे, चालढकलीची नाही.

दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, गुदद्वारातून लवचीक नळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे अपेंडिक्सचे तोंड जेथे दिसते तेथपर्यंत, नेतात, आणि खरे निरीक्षण नळी सावकाश मागे घेताना करतात. त्याला किमान सहा मिनिटे द्यावीत, असा दंडक आहे. पॉलिप दिसला तर तारेचा फास टाकून तो त्याच वेळी काढता येतो आणि पेशींच्या तपासणीसाठी पाठवला जातो. सगळ्याचा पाया आदल्या रात्री आणि त्या दिवशी पहाटे घ्यायच्या जुलाबाच्या औषधावर आहे, कारण मळाखाली झाकलेला चपटा पॉलिप कोणत्याही तज्ज्ञाला दिसत नाही. म्हणून अहवालात आतडे पुरेसे स्वच्छ होते का आणि नळी शेवटपर्यंत पोहोचली का, या दोन नोंदी रुग्णाने स्वतः वाचाव्यात. आतड्याला छिद्र पडणे किंवा पॉलिप काढलेल्या जागी रक्तस्राव होणे हे धोके खरे आहेत, पण ते दर दहा हजार तपासण्यांमागे काही मोजक्या व्यक्तींना भोगावे लागतात.

उरलेले समज थोडक्यात निकालात काढता येतील. त्रास नाही म्हणजे पॉलिप नाही, हे खरे नव्हे. बहुतेक पॉलिप काहीही त्रास देत नाहीत. एकदा फिट नकारात्मक आली म्हणजे कायमची सुटका झाली, हेही खरे नव्हे. या चाचणीचे बळ ती दर एक किंवा दोन वर्षांनी पुन्हा करण्यात आहे, कारण सुटलेला पॉलिप कर्करोग होण्याआधी पुढच्या फेरीत पकडला जाऊ शकतो. फिट म्हणजे दुर्बीण न परवडणाऱ्यांची दुय्यम चाचणी, या समजाला २०२५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील मोठ्या अभ्यासाने उत्तर दिले असून, दर दोन वर्षांनी फिटसाठी आणि एकदा कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटांत दहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधली ‘सीईए’ ही रक्तचाचणी पॉलिप शोधत नाही. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, हे निराधार आहे. पोट साफ करणारी चूर्णे आतडे रिकामे करतात, पॉलिप नव्हे.

भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी असून, सरकारी चाळणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगांचा समावेश आहे. त्यामुळे सरसकट प्रत्येकाने चाचणी करावी असे म्हणता येत नाही, आणि पंचेचाळिशीनंतर ती करावी की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवणे इष्ट. मात्र आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या चाळिशीत किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. डोळ्यांना दिसणारे रक्त, कारण न सापडणारा पंडुरोग किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल असेल, तर तो चाळणीचा नव्हे, थेट निदानाचा विषय आहे. आणि चाचणी करायची ठरवलीच, तर निकाल सकारात्मक आल्यास दुर्बिणीची तपासणी करून घेण्याची तयारी ठेवूनच ती करावी. तशी तयारी नसेल, तर त्या चाचणीचा काही उपयोग नाही.